छाननीनं न पाहिलेलं पाचवं यंत्र

साठपैकी साठ रिपोर्ट माणसांनी लिहिलेले निघाले, त्या दिवशी शरच्चंद्र सरांनी सगळ्या डिपार्टमेंटला समोसे खाऊ घातले.

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज हिंगणा रोडवर आहे. मी तिथल्या कॉम्प्युटर डिपार्टमेंटचा लॅब अटेंडंट. सर विभागप्रमुख. नंदिनी गजभिये ही त्यांच्याकडे पीएच.डी. करत होती आणि तिथेच कंत्राटावर शिकवतही होती. दोघांनी मिळून तीन वर्षांत एक प्रोग्रॅम तयार केला होता. त्याचं नाव सरांनी ठेवलं होतं ‘छाननी’. मराठी मजकूर त्यात टाकला की पडद्यावर यायचं, ‘मानवी’ किंवा ‘यंत्रलिखित’, आणि पुढे टक्के. विद्यार्थ्यांचे सेमिनार रिपोर्ट आमच्याकडे मराठीतून लिहायची मुभा आहे. मागच्या वर्षी छाननीनं साठातले एक्केचाळीस पकडले होते. पोरं रडली होती, आईबाप भेटून गेले होते.

या वर्षी एकही नाही. सर म्हणाले, हा छाननीचा धाक आहे, पोरं सुधारली. त्यांचा चेहरा असा होता की जणू त्यांनी गावातली दारू बंद केली.

मला मात्र ते पटलं नव्हतं. रिपोर्ट अकरा वाजता द्यायचे होते आणि दहा वाजता त्यातली निम्मी पोरं गेटसमोर तर्री-पोहे खात उभी होती. कुणाच्या कपाळावर आठी नव्हती. मी आपला समोसा खाल्ला आणि गप्प बसलो. सर एकतीस डिसेंबरला रिटायर होणार होते. माणूस जायला एकच महिना उरलेला असताना त्याचा आनंद कशाला घालवायचा.

पण नंदिनीचं सगळं त्या एकतीस तारखेलाच बांधलेलं होतं. तिच्या थिसिसवर सरांची सही हवी होती, आणि ती सही त्याच दिवशीच्या साडेपाचपर्यंतच चालणार होती. त्यानंतर सर कॅनडाला मुलाकडे जाणार आणि नंदिनीला नवीन गाइड घ्यावा लागणार. कॉलेजात दुसऱ्या गाइड एकच, प्रेमलता मॅडम. त्यांचं काम सांडपाण्याच्या सेन्सरवर होतं. त्यांनी नंदिनीला आधीच सांगून ठेवलं होतं की माझ्याकडे आलीस तर विषय पहिल्यापासून नीट मांडू, वर्ष-दीड वर्ष लागेल. नंदिनीचं कंत्राट जूनमध्ये संपत होतं. पीएच.डी. नसेल तर पुढचं कंत्राट नाही, हे तिला प्राचार्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

समोशांच्या दुसऱ्या दिवशी मधुवंती लॅबमध्ये आली. फायनल इयरची, बिनधास्त पोरगी. तिला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मार्क मिळाले होते आणि तिला ते टोचत होते. नंदिनीला म्हणाली, मॅडम, मी खोटं बोलत नाही, माझा रिपोर्ट मी लिहिलेला नाही. दिवाळीच्या सुट्टीत एक नवीन ॲप आलं, फुकट आहे, सगळ्यांनी त्यातूनच काढले. मागच्या वर्षीच्या पोरांनी जुनी ॲप वापरली म्हणून ती सापडली.

“सगळ्यांनी?” नंदिनीनं विचारलं.

“तुषारनं नाही वापरलं. त्याचा मोबाइल नाल्यात पडला होता, मॅडम.”

मधुवंती गेल्यावर नंदिनीनं स्वतःच ते ॲप उघडलं, त्याच्याकडून शंभर लेख लिहून घेतले आणि छाननीत टाकले. मी शेजारी बसून आकडे कागदावर उतरवत होतो. शंभरातले नऊ पकडले गेले. बाकीचे एक्क्याण्णव मानवी. आणि नुसते मानवी नाहीत, कुणी अठ्ठ्याण्णव टक्के मानवी, कुणी नव्व्याण्णव.

नंदिनीनं डोक्याला हात लावला.

मी म्हटलं, “बेटा, थिसिसमध्ये तर नव्व्याण्णव टक्के बरोबर असं लिहून राहिलं ना?”

“तेच तर, काका. ते खोटं नाही. पण ते आपल्याच ढिगातलं आहे.”

तो ढीग मला चांगला माहीत होता, कारण अर्धा मीच गोळा केला होता. छाननीला शिकवायला बारा हजार माणसांचे लेख लागले. ते कॉलेजच्या जुन्या वार्षिकांकांतून, पोरांच्या निबंधांतून, सुट्टीच्या अर्जांतून आले. कपाटातली धूळ झाडून एकेक पान मी स्कॅन केलं होतं. यंत्रांचे बारा हजार लेख तेव्हा मिळत होती त्या तीन यंत्रांकडून लिहून घेतले, प्रत्येकाचे चार हजार. मग सगळा ढीग पिसला. दर पाचातले चार लेख छाननीला शिकायला दिले आणि पाचवा परीक्षेला राखून ठेवला. त्या राखून ठेवलेल्यांवर तिला नव्व्याण्णव टक्के मिळाले. पण परीक्षेतले यंत्रलेखही त्याच तीन यंत्रांचे होते.

नंदिनी मला समजावून सांगत होती की स्वतःला, ते कळलं नाही. ती म्हणाली, यंत्राचं लिखाण म्हणजे काय हे छाननीला कुणी शिकवलंच नाही. तिच्यासमोर दोन ढीग ठेवले आणि सांगितलं, वेगळे कर. तिनं सोपा रस्ता शोधला. त्या तीन यंत्रांच्या सवयी पकडल्या. कोणते शब्द ते वारंवार घेतात, वाक्य कुठे संपवतात, परिच्छेद कसा गुंडाळतात. त्या सवयी दिसल्या की यंत्र, नाही दिसल्या की माणूस. तिसरा कप्पाच नाही. नवीन यंत्राच्या सवयी वेगळ्या, म्हणून तो मजकूर माणसांच्या कप्प्यात जाऊन पडतो.

“मंग नव्व्याण्णव टक्के काहून सांगते? भीतभीत तरी सांगावं.”

“ते टक्के खात्रीचे नाहीत, काका. तिच्या मनात दोन ढिगांच्या मधे एक रेघ आहे. मजकूर त्या रेघेपासून किती लांब पडला, एवढंच ते टक्के सांगतात. तिनं जे कधी पाहिलंच नाही, तेही लांब पडू शकतं.”

मला परीक्षेचं भरारी पथक आठवलं. वीस वर्षं मी परीक्षेच्या हॉलमध्ये पाणी वाटलं आहे. आमचं पथक मोज्यातली चिठ्ठी, तळहातावरचं लिखाण आणि कंपासपेटीचं झाकण, या तीनच जागा बघायचं. तिथे ते एक नंबर. मग एका वर्षी पोरांनी पाण्याच्या बाटलीच्या लेबलवर आतून लिहून आणलं. पथक येऊन गेलं आणि शेरा लिहून गेलं की या केंद्रावर कॉपी होत नाही. बाटल्या मीच भरून दिल्या होत्या. मी नंदिनीला हे सांगितलं. ती हसली, पण लगेच गंभीर झाली.

“आणि पथक किती चांगलं आहे हे आपण कसं तपासलं, माहीत आहे? मोजे, तळहात आणि कंपासपेटीवालीच पोरं पुन्हा बसवून.”

त्या आठवड्यात तिनं वेगळी परीक्षा घेतली. तीन यंत्रांतलं एक बाजूला ठेवायचं, उरलेल्या दोघांवर छाननीला नव्यानं शिकवायचं, आणि मग बाजूला ठेवलेल्याचे लेख दाखवायचे. पहिलं यंत्र बाजूला ठेवलं, तर त्याचे शंभरातले चोपन्नच पकडले गेले. दुसरं ठेवलं तर एक्क्याण्णव, तिसरं ठेवलं तर त्र्याण्णव. मला वाटलं, वा, हे बरं आहे. नंदिनीनं मान हलवली. दुसरं आणि तिसरं एकाच कंपनीची, एका घरची. थोरला पाहिला असला की धाकटा चालण्यावरून ओळखू येतो, एवढाच त्याचा अर्थ. परक्या घरचा आला की संपलं.

ती आकड्यांचा कागद घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेली. मी चहा घेऊन मागोमाग.

सरांनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, एवढंच ना, नवीन यंत्राचे चार हजार लेख घे, छाननीला शिकव, विषय संपला. नंदिनीनं ते केलं. दोन दिवस लॅबची मशीन घरघरत होती. तिसऱ्या दिवशी छाननीनं दिवाळीवाल्या ॲपचे शंभरातले सत्त्याण्णव पकडले. सरांनी मला पुन्हा समोसे आणायला पाठवलं.

मी समोसे घेऊन आलो तेव्हा केबिनमध्ये आवाज चढलेला होता. नंदिनी म्हणत होती, सर, आता चार झाली, पाचवं आलं की पुन्हा तेच होईल. मी सातवा अध्याय लिहिते. बाजूला ठेवलेल्या यंत्रांचे आकडे पहिल्या तक्त्यात टाकते आणि स्पष्ट लिहिते की न पाहिलेल्या यंत्रावर हिचा भरवसा नाही, हिच्या शब्दावर कोणत्याही विद्यार्थ्याला शिक्षा करू नये.

सर म्हणाले, “अगं बाई, मी छत्तीस वर्षं नोकरी केली. जाताना मी माझ्याच यंत्राला नापास करून जाऊ? सहा अध्याय आण, आत्ता सही करतो. सातवा तू पुढच्या जन्मी लिही.”

“सातवा नसला तर बाकीचे सहा खोटे होतात, सर.”

“खोटे नाही होत. फक्त अपुरे होतात. सगळे थिसिस अपुरेच असतात.”

नंदिनी सात अध्यायांची स्पायरल बाइंडिंगची प्रत करून आली आणि सरांच्या टेबलावर ठेवून गेली. सरांनी त्यावर पेपरवेट ठेवला. पंधरा दिवस ती तिथेच होती. मी रोज पुसायला जायचो तेव्हा वाटायचं, एवढी गोष्ट एका सहीवर अडली आहे आणि पेनही शेजारीच पडलेलं आहे. सक्करदऱ्याहून तिची आई मला फोन करायची. विचारायची, दादा, पोरगी जेवून नाही राहिली, कॉलेजात काय झालं. मी सांगायचो, काही नाही जी, सर थोडे बिझी आहेत.

आता निरोप समारंभाचं सांगायला पाहिजे. आमच्या कॉलेजात कुणीही रिटायर झालं तरी भाषणं एकच माणूस लिहितो, आस्थापना विभागाचे कृष्णकांतबाबू. प्राचार्यांचं भाषण तेच लिहितात आणि जाणाऱ्याचं उत्तराचं भाषणही तेच लिहितात. एकोणतीस वर्षं हे चालू आहे. त्यांची एक हिरवी वही आहे, ती ते कुणाला हात लावू देत नाहीत. छाननीसाठी मी मागायला गेलो होतो तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी वही नाही, किडनी मागितली. भाषणं त्यांची आहेत हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. बोलणारे डोळे पुसतात, ऐकणारेही पुसतात. खरंच पुसतात, मी पाहिलं आहे.

पण सरांना कृष्णकांतबाबूंचं भाषण नको होतं. दोघांचं वीस वर्षांपूर्वी एका अर्जित रजेवरून वाजलं होतं. सरांनी मला तीस तारखेला सकाळी बोलावलं आणि म्हणाले, मेलमध्ये एक फाइल आली आहे, प्रिंट काढ.

वाचायला मी उशिरा शिकलो, म्हणून हातात आलेला छापील कागद मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. भाषण झकास होतं. छोटी छोटी वाक्यं. पहिल्या पगाराची आठवण होती, लॅबमधल्या पावसाळ्यात गळणाऱ्या छताची होती, आणि एका ‘अबोल सहकाऱ्याची’ होती, तो मीच असणार असं वाटून मला बरं वाटलं. मग शेवटची ओळ आली. ‘हवे असल्यास मी हे भाषण अधिक भावुक किंवा अधिक विनोदी करून देऊ शकतो.’

मी कागद सरांसमोर ठेवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

सरांनी ती वाचली. मग दार लोटून घेतलं. हळू आवाजात म्हणाले, मुलानं पाठवलं आहे, तिकडे नवीन काहीतरी निघालं आहे. मला तो चार ओळी लिहून पाठवेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, बाबा, वेळ नाही. मग फाइल उघडून ती ओळ सरांनी पुसून टाकली आणि मला म्हणाले, धोंडबा, हे आपल्या दोघांत. मी म्हटलं, हो जी. मला त्यांची कीव आली आणि हसूही आलं, दोन्ही एकदम आल्यामुळे मी पटकन बाहेर पडलो.

एकतीस तारखेला दोन वाजता हॉल भरला होता. मंचावर हार, शाल, श्रीफळ. मागे मोठा पडदा. नंदिनी लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसली होती. प्राचार्यांनी तिला सकाळी सांगितलं होतं की पडद्यावर छाननी चालू ठेव, सरांचं काम लोकांना दिसू दे. सरांना वाटलं, वर्तमानपत्रातला एखादा उतारा टाकतील.

प्राचार्य उभे राहिले आणि म्हणाले की आज आपण सरांना वेगळी मानवंदना देणार आहोत. आज इथे होणारं प्रत्येक भाषण सरांच्याच यंत्रातून जाईल. सुरुवात माझ्यापासून. माझी फाइल तयार आहे, सरांच्या भाषणाचीही आम्ही त्यांच्या ऑफिसमधून मागवून घेतली आहे. टाळ्या पडल्या.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. फाइल मीच दिली होती. प्राचार्यांच्या शिपायानं मागितली, मला काय माहीत कशाला.

प्राचार्यांनी भाषण वाचलं. नेहमीचंच होतं. कार्यतत्परता, मनमिळाऊ स्वभाव, शिस्तप्रियता, आणि ‘त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी’. पहिल्या रांगेत कृष्णकांतबाबू प्रत्येक वाक्याच्या आधी ओठ हलवत होते. भाषण संपलं. नंदिनीनं ते छाननीत टाकलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, ‘यंत्रलिखित. ९६ टक्के.’

मागच्या रांगेतून हसू फुटलं आणि पुढेपर्यंत आलं. प्राचार्य कानापर्यंत लाल झाले. माइकवर म्हणाले, “मी यंत्र वापरलेलं नाही. कृष्णकांतनं लिहिलं आहे.”

एकोणतीस वर्षांत कुणी न बोललेली गोष्ट माइकवर बोलली गेली. कृष्णकांतबाबू उभे राहिले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी मफलर गळ्याभोवती गुंडाळला आणि हॉलमधून निघून गेले.

नंदिनीला ते कळलं होतं, मलाही थोडंफार कळलं. ती हिरवी वही छाननीनं कधी पाहिलीच नव्हती. तिनं पाहिलेली माणसं म्हणजे निबंध लिहिणारी पोरं आणि सुट्टीचा अर्ज करणारे मास्तर. सगळी ठेचकाळत लिहिणारी. असं गुळगुळीत सरकारी मराठी तिनं फक्त त्या जुन्या यंत्रांच्या ढिगात पाहिलं होतं.

मग सरांची पाळी आली. त्यांनी भाषण वाचायला घेतलं तेव्हा कागद थरथरत होता. लोकांना वाटलं, मन भरून आलं आहे. त्यांना काय माहीत. मला मात्र कळत होतं की ते दोन्हीकडून अडकले आहेत. छाननीनं पकडलं तर आज, या हॉलमध्ये, शालीसकट बेइज्जती. नाही पकडलं तर पंधरा दिवसांपूर्वी ती पोरगी जे म्हणाली ते खरं. गळक्या छताच्या वाक्याला प्रेमलता मॅडमनी रुमाल काढला. अबोल सहकाऱ्याच्या वाक्याला दोन-तीन जणांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

भाषण संपलं. नंदिनीनं बटण दाबलं. छोटं चक्र फिरत राहिलं. सरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

‘मानवी. ९९.४ टक्के.’

सगळा हॉल उभा राहिला. एवढ्या टाळ्या मी त्या हॉलमध्ये ऐकल्या नव्हत्या. प्राचार्य म्हणाले, हृदयातून आलेलं यंत्रालाही कळतं. सर हात जोडून उभे होते, आणि दुसऱ्याचा हार चुकून आपल्या गळ्यात पडला आहे अशा नजरेनं त्या पडद्याकडे पाहत होते.

चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी नंदिनीला केबिनमध्ये बोलावलं. मला म्हणाले, तूही थांब. हार तसाच गळ्यात होता. त्यांनी पेपरवेट उचलून बाजूला ठेवला, स्पायरल उघडली आणि एकदम सातव्या अध्यायावर गेले. तक्ता शोधला. पेन काढलं.

“इथे एक ओळ हातानं वाढव. पाचवं यंत्र. नमुने, एक. पकडले, शून्य.”

नंदिनीला समजेना. म्हणाली, सर, पाचवं यंत्र मी तपासलेलंच नाही. एका नमुन्यानं काही सिद्धही होत नाही, तक्त्यात कसं टाकू.

“मग तळटीप टाक. तपासलं तू तीन वाजून पाच मिनिटांनी, पडद्यावर, तीनशे लोकांसमोर.” त्यांनी खिशातून घडी घातलेलं भाषण काढून तिच्यासमोर ठेवलं. “हा नमुना.”

नंदिनी त्या कागदाकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे. मी म्हटलं, “माह्याकडे नको पाहू बेटा, मी अबोल सहकारी आहो.”

सर हसले. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं खरं हसू होतं. नंदिनीनं तळटीप लिहिली आणि त्यांनी तिच्याखाली आणि पहिल्या पानावर सही केली, पूर्ण नावाची, तारखेसकट. मग म्हणाले, मधुवंतीच्या बॅचला मी माणसं म्हणालो आणि मागच्या बॅचच्या एक्केचाळीस जणांना चोर म्हणालो. त्यातल्या किती जणांनी खरंच स्वतः लिहिलं असेल, कोण जाणे. त्यांना मी काय सांगू? नंदिनी म्हणाली, सर, त्यांचे रिपोर्ट मी जूनमध्ये तोंडी परीक्षा घेऊन पुन्हा तपासीन. मी असेन तर.

तिला असायचं असेल तर आवक विभागाचा शिक्का साडेपाचच्या आत हवा होता. आणि आस्थापनासोबत आवकचं टेबलही कृष्णकांतबाबूच सांभाळायचे.

आम्ही गेलो तेव्हा ते टेबलाशी बसले होते. मफलर तसाच. शिक्का शाईच्या डबीवर ठेवलेला. घड्याळात पाच वाजून पाच मिनिटं. नंदिनीनं स्पायरल पुढे केली. त्यांनी तिला हात लावला नाही.

“मॅडम, तुमचं यंत्र म्हणते मी यंत्र आहे. यंत्राचा शिक्का युनिव्हर्सिटीत चालते का, ते आधी विचारून या.”

नंदिनीनं माफी मागितली. त्यांनी शिक्का स्वतःकडे ओढून घेतला. मग तिनं स्पायरल उघडून त्यांना सातवा अध्याय दाखवला. म्हणाली, बाबूजी, हेच तर मी लिहिलं आहे. जे यंत्र हिनं पाहिलं नाही त्याला ही माणूस म्हणते, आणि जो माणूस हिनं पाहिला नाही त्याला यंत्र म्हणू शकते. तुमच्यासारखं लिहिणारा माणूस तिच्या ढिगात एकही नव्हता.

“लिहिलं आहे म्हणता. कुठे लिहिलं आहे? माझं नाव दाखवा.”

नाव अर्थातच नव्हतं. घटना दोन तासांपूर्वीची होती. कृष्णकांतबाबूंनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले की मग लिहा, हातानं लिहा. कृष्णकांत, वरिष्ठ लिपिक, यांनी स्वतः, हातानं, कोणत्याही यंत्राशिवाय लिहिलेलं भाषण यंत्रलिखित ठरलं, ही यंत्राची चूक आहे. आणि शेजारी गाइडची सही, कारण गाइडच्या सहीशिवाय हातानं केलेली दुरुस्ती मी स्वीकारत नाही, नियम आहे.

नंदिनीनं उभ्या उभ्या लिहिलं. मी स्पायरल काखेत मारून धावलो. या वयात दोन जिने. सर पार्किंगमध्ये गाडीत हार ठेवत होते. टेबल नाही, बोनेटवर नारळ आणि भेटवस्तू. मी वाकलो आणि म्हटलं, “पाठीवर करा जी.” सरांनी माझ्या पाठीवर स्पायरल ठेवून आधी ती ओळ वाचली. त्यांना ‘कृष्णकांत’ वाचून थोडा वेळ लागला. मग म्हणाले, “खरं आहे. माणूसच आहे तो. रजेच्या वेळी कळलं होतं मला.” आणि सही केली. पेनचं टोक मला शर्टातून टोचलं.

परत पोचलो तेव्हा पाच वाजून चोवीस मिनिटं झाली होती. मला दम लागला होता, मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो. कृष्णकांतबाबूंनी ओळ वाचली. दोनदा वाचली. दुसऱ्यांदा ओठ हलवत वाचली. एका ठिकाणी थांबून म्हणाले, ‘कोणत्याही यंत्राशिवाय’ हे चांगलं झालं आहे.

मग त्यांनी शिक्का उचलला, त्यावर फुंकर मारली, आणि पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात सरळ, दाबून मारला.

नंदिनी पावतीवर सही करायला वाकली, पण तिचा हात इतका हलत होता की सही तिची वाटेना. कृष्णकांतबाबूंनी ती पाहिली. म्हणाले, राहू द्या, चालेल, माणसाची आहे हे दिसते.